विषय : सूनबाईच्या गृहप्रवेशासाठी गाणी

सप्रेम नमस्कार. पुढील महिन्यात आमच्या घरी सूनबाईंचा गृहप्रवेश आहे. त्या मराठी नाहीत. स्वागताला दोन-तीन आपुलकीची गाणी असावीत, अशी इच्छा आहे. जुनी आणि नवी, दोन्ही सुचवावीत.
— मुलाची आई

ताई, भा. रा. तांबे यांचे ‘नववधू प्रिया मी बावरते’ अवश्य लावा. शब्दांत नववधू आहे आणि चालही गोड आहे.
— एक भावगीतप्रेमी काका

आमच्या लेकीच्या पाठवणीला ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ लावले होते, तेव्हा सारा मांडव रडला. तेही घ्यावे.
— लेकीचे बाबा

काकांनी सुचविलेले गीत सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु त्यातील प्रियकर म्हणजे मृत्यू, असा त्या कवितेचा अर्थ लावला जातो, म्हणून उंबरठ्यावर ते मी लावणार नाही. बाबांनी सांगितलेले गाणे ‘जा मुली जा’ म्हणून निरोप देते, आणि आपल्याला तर ‘ये’ म्हणायचे आहे. माझ्या धाकट्या जावेच्या वेळी कोणीतरी हेच गाणे लावले आणि व्हिडिओवर पाहत असलेल्या तिच्या आईला हुंदका आवरेना.

दुसरी अडचण वेळेची आहे. भाकरतुकडा ओवाळून टाकणे, पायांवर पाणी घालणे आणि माप लवंडणे हे सारे दोन-तीन मिनिटांत उरकते. ध्वनिमुद्रित गाण्याचे नुसते सुरुवातीचे संगीतच त्यातील बराच वेळ खाते, आणि शब्द सुरू होईपर्यंत सून देवघरापाशी पोहोचलेली असते. म्हणून दारात ओवी म्हणावी; ती दोन ओळींची असते, हवी तितकी लांबविता येते आणि छायाचित्रकाराने थांबविले तर पुन्हा तीच म्हणता येते. मी आमच्या घरासाठी अशी रचली होती :

उंबऱ्यावरी माप, हळू लोट बाई ।
तुझीच वाट पाहे, घरातली आई ॥

‘बाई’च्या जागी सुनेचे नाव घालायचे असेल, तर ते दोन अक्षरी असावे, नाहीतर ठेका मोडतो. आधी एकीने म्हणावी आणि मागून सगळ्यांनी, म्हणजे मराठी न येणाऱ्या पाहुण्यांनाही दुसऱ्या वेळी सूर धरता येतो. लक्ष्मीपूजन झाल्यावर, सारे निवांत बसल्यावर, १९७९च्या ‘अष्टविनायक’ चित्रपटातील ‘आली माझ्या घरी ही दिवाळी’ लावावे.
— भजनी गटातील मावशी

मावशी, सुनेचे नाव चार अक्षरी आहे. ‘बाई’च ठेवू का?
— मुलाची आई

ठेवा. नाव हवेच असेल तर ‘हळू लोट बाई’ हे सगळेच काढून तिथे नाव आणि ‘आई’शी जुळणारा दोन अक्षरी शब्द बसवा, मला तो अजून सुचलेला नाही.
— मावशी

दिवाळीचे गाणे दिवाळीलाच शोभते, असे माझे मत आहे.
— काका