14 वर्षांखालच्या संघात जानेवारी-मार्चचीच मुलं का?

गंगापूररोडकर: शाळेत गणित शिकवतो आणि क्रिकेट संघासोबत व्यवस्थापक म्हणून जातो. यंदा 14 वर्षांखालच्या संघाचे फॉर्म भरताना जन्मतारखा पाहिल्या. निवडलेली 16 मुलं एकाच सालातली, त्यातली 9 जानेवारी ते मार्चची, ऑक्टोबर ते डिसेंबरचा एकच. कोच म्हणतात योगायोग. खरंच योगायोग आहे का? नसेल तर निवड चाचणीत नेमकं काय बदलायचं?

तोफखाना: योगायोग नाही, पण त्यात वावगं काय आहे? मीही शाळेचा संघ सांभाळतो. निवड होते आणि पंधरवड्यात तालुक्याची पहिली मॅच असते, हरलो की बाहेर. जो पोरगा डीपवरून थेट कीपरच्या ग्लोव्हजमध्ये थ्रो टाकतो तो मी घेणार. त्याचा वाढदिवस मकर संक्रांतीला येतो की दिवाळीला, हे मी का बघू? आणि सचिनचं काय? एवढासा होता, तरी कुणी थांबवू शकलं?

सातपूरची आई: अहो सर, हे तर दाखल्यांचं प्रकरण आहे. माझा मुलगा नोव्हेंबरचा. समोरच्या संघातला बॉलर मिशीवाला, आणि कागदावर 13 वर्षांचा! आधी हाडांची टेस्ट करा सगळ्यांची, मग बघू कोण कुठल्या महिन्यातला ते.

यष्टीमागून: ताई, खोटा दाखला हा वेगळा रोग आहे. बीसीसीआय डाव्या मनगटाचा एक्स-रे काढते तो वयचोरी पकडायला. इथे सगळे दाखले खरे धरले तरी प्रश्न उरतोच. शालेय स्पर्धांची वयाची रेघ 1 जानेवारीला असते. 3 जानेवारीचा मुलगा आणि 20 डिसेंबरचा मुलगा एकाच गटात येतात, दोघांत जवळपास वर्षाचं अंतर असतं. तेराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आतापर्यंतच्या आयुष्याचा तेरावा भाग झाला. उंची तर सोडाच, नेटमध्ये घालवलेला एक अख्खा सीझनही जास्त.

हा महिन्याचा गुण नसून रेघेचा आहे, याचा पुरावा बेल्जियमच्या फुटबॉलमध्ये मिळाला. तिथे 1997 साली रेघ 1 ऑगस्टवरून 1 जानेवारीवर नेली. आधी ऑगस्ट-सप्टेंबरची मुलं जास्त निवडली जायची, ती गर्दी जानेवारीकडे सरकली. (नाहीतर पंचवटीत कुणीतरी मकर आणि कुंभ राशीवर ढकलून मोकळं झालं असतं.)

गणिताचे सर आहात म्हणून विचारतो, चाचणीला एकूण किती मुलं आली होती आणि त्यांचे महिने कोणते? संघाची तुलना त्यांच्याशी करायला हवी.

गंगापूररोडकर: यादी काढली. याच सालातली 52 मुलं आली होती. जानेवारी-मार्च 18, ऑक्टोबर-डिसेंबर 8, मधल्या सहा महिन्यांची 26.

यष्टीमागून: मग तुमच्याकडे गळती दोन ठिकाणी आहे. जन्म वर्षभर सारखे पसरलेले धरले तर प्रत्येक तिमाहीची साधारण 13 यायला हवी होती. म्हणजे डिसेंबरकडची काही मुलं चाचणीच्या आधीच गळाली. गेल्या वर्षी नेटमध्ये बॅटिंग मिळाली नसेल, किंवा घरच्यांनीच "अजून लहान आहे" म्हणून थांबवलं असेल. दुसरी गळती चाचणीतली, 18 पैकी 9 घेतले आणि 8 पैकी 1. त्या आठातल्या एकावर मात्र फार भार टाकू नका, आकडा लहान आहे, दोन निवडले असते तर चित्र बदललं असतं. दोन-तीन वर्षांचे जुने फॉर्म शाळेत असतील, ते जोडून बघा.

आता उपाय. कोचला समजावून भागत नाही. नेदरलँड्समध्ये डेव्हिड मान आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलच्या निवडकर्त्यांवर प्रयोग केला, तो 2017 साली छापून आला. निवडकर्त्यांना खेळाडूंच्या जन्मतारखांची यादी हातात दिली, तरी कल मोठ्यांकडेच राहिला. मग जर्सीचे नंबर वयाच्या क्रमाने दिले आणि ते तसे आहेत हे सांगितलं, तेव्हा कल गेला. खेळ चालू असताना कागदात डोकं कोण घालतो? नंबर मात्र पाठीवर दिसतोच.

तुम्ही हेच करा. 52 जणांची यादी जन्मतारखेने लावा, सगळ्यात मोठा 1 नंबर, सगळ्यात लहान 52. पाठीवर नंबर पिनने लावा आणि निवड करणाऱ्यांना क्रम आधीच सांगून ठेवा. मग 47 नंबरच्या पोराचा कव्हर ड्राइव्ह इनर सर्कलपाशी मेला, तरी पाय कुठे गेला होता आणि बॅट सरळ आली का, तिकडे लक्ष जातं. 2 नंबरचा तोच फटका सीमापार गेला तर त्यातला किती भाग ताकदीचा, तेही कळतं.

तोफखाना: म्हणजे 47 नंबरला ग्रेस मार्क द्यायचे? शाळा चषक मागते हो, पायाची जागा मागत नाही.

यष्टीमागून: ग्रेस नाही. उद्याची मॅच जिंकायला मोठा मुलगाच लागणार असेल तर घ्या, मी अडवत नाही. पण 16 मधले अकरा खेळतात. उरलेल्या पाच जागा तरी पुढच्या दोन वर्षांकडे बघून भरता येतात. सचिनचं म्हणाल तर तो निसटला नाही एवढंच त्यावरून कळतं, जे निसटले त्यांची नावं आपल्याला माहीतच नाहीत.

सिन्नरचा कबड्डीवाला: आमच्याकडे ही भानगडच नाही. किशोर गटाला 16 वर्षांसोबत 55 किलोची मर्यादा आहे. क्रिकेटलाही वजनकाटा लावा, विषय संपला.

यष्टीमागून: अर्धं पटलं. वजनाने धडधाकट पोरगं बाहेर राहतं, पण काट्यावर 54 भरणारा पंधरा वर्षांचा आणि 54 भरणारा तेरा वर्षांचा यांच्यात मॅटवरच्या अनुभवाचा फरक तसाच राहतो.

तुमच्या मुद्द्यातला दुसरा अर्धा भाग मात्र नंबरच्या युक्तीलाही लागतो. तारीख म्हणजे शरीर नव्हे. डिसेंबरचा एखादा मुलगा आधीच ताडमाड वाढलेला असतो आणि जानेवारीच्या एखाद्याची वाढ सुरूही झालेली नसते. नंबर लावले की पहिल्याला जास्तीचा फायदा आणि दुसऱ्यावर अन्याय होऊ शकतो. त्यासाठी दर तीन महिन्यांनी, सकाळीच, अनवाणी, एकाच भिंतीशी उंची मोजा. वाढीच्या ऐन झपाट्यात मुलं वर्षाला 8 ते 10 सेंटीमीटर वाढतात, म्हणजे तिमाहीत दोन-अडीच. ज्याचा झपाटा अजून आलेला नाही, त्याला "बॉल पोचत नाही" म्हणून काढण्याआधी थांबा. इंग्लंडमधल्या काही फुटबॉल अकादम्या तर अधूनमधून वयाऐवजी शरीराच्या वाढीवरून गट पाडून सामने खेळवतात.

सातपूरची आई: उंची घरी मोजू शकते. पण माझा नोव्हेंबरचा दोनदा नापास झाला, आता मैदानावर जायलाच नको म्हणतो.

यष्टीमागून: ताई, त्याला असोसिएशनच्या चाचणीला नक्की न्या. बीसीसीआयच्या 16 आणि 19 वर्षांखालच्या गटांची रेघ 1 सप्टेंबर आहे. शाळेत नोव्हेंबरचा मुलगा गटात धाकटा पडतो, तिथे तोच थोरल्यांत जातो. मुलगा तोच, बॉलिंग तीच.

तोफखाना: मग आमच्या जानेवारीच्या पोरांचं तिथे काय होणार?

यष्टीमागून: ती मधोमध येतात. खरे मागे राहतात जून ते ऑगस्टचे.

गंगापूररोडकर: कोचशी बोललो. नंबर लावायला तयार आहेत, पण निवड झाल्यावरच क्रमाचं गुपित सांगा म्हणतात, नाहीतर पालक भांडायला येतील.

यष्टीमागून: मग नंबर लावूच नका. क्रम माहीत नसेल तर 47 हा नुसता 47. पालकांना सांगू नका हवं तर, निवड करणाऱ्यांना मात्र आधी सांगायलाच हवं.

तोफखाना: पालकांपासून लपून राहील? नाशकात? पहिल्या ओव्हरच्या आत व्हॉट्सॲपवर जाईल.