रिमाइंडर दोनदा-तीनदा का गेले: कार्यकारिणीसाठी टिपण

प्रेषक: वेबसाइट समिती

सप्रेम नमस्कार,

रविवारी, २ नोव्हेंबरला संध्याकाळी दिवाळी कार्यक्रमाचं रिमाइंडर ६४० सभासदांना एकेकदा जायला हवं होतं. २०८ जणांना ते दोनदा गेलं आणि ४३२ जणांना तीनदा. प्रोग्राम मीच लिहिला आहे, त्यामुळे ही चूक माझी. सगळ्यांची मनापासून माफी मागते.

हा प्रोग्राम दर दहा मिनिटांनी आपोआप सुरू होतो, ज्यांच्या नावापुढे ‘पाठवलं’ अशी खूण नाही त्यांची यादी काढतो आणि एकेकाला मेल पाठवतो. मेल सर्व्हरने अडवू नये म्हणून दोन मेलमध्ये अडीच सेकंद थांबतो. चूक अशी की खुणा तो प्रत्येक मेलनंतर करत नव्हता, सगळी यादी संपल्यावर एकदम करत होता.

आजवर आपण फक्त नाव नोंदवलेल्यांना रिमाइंडर पाठवायचो. २०० मेल आठ मिनिटं वीस सेकंदांत संपतात, म्हणजे पुढची फेरी सुरू व्हायच्या आत. २४० च्या पुढे गेलं की गणित बिघडतं, आणि या वेळी प्रथमच यादी सर्व सभासदांची होती. ६ वाजता सुरू झालेली फेरी ६:२६ पर्यंत चालली. ६:१० आणि ६:२० च्या फेऱ्यांना एकही खूण दिसली नाही, म्हणून त्यांनीही पूर्ण यादी उचलली. ६:३८ ला मी तिसरी फेरी मध्येच बंद केली, तोवर तिचे ४३२ मेल गेले होते.

आता दोन बदल केले आहेत. पहिली फेरी चालू असेल तर दुसरी सुरूच होत नाही:

```
*/10 * * * * flock -n /tmp/reminder.lock python3 send_reminders.py
```

दुसरा बदल जास्त महत्त्वाचा. मेल पाठवण्याआधी प्रत्येक सभासदाची नोंद होते, ती लगेच पक्की होते, आणि एका कार्यक्रमाच्या एका रिमाइंडरसाठी एका सभासदाची दुसरी नोंद डेटाबेस स्वीकारतच नाही. नोंद झाली तरच मेल जातो.

माफीचा वेगळा मेल मुद्दाम पाठवला नाही, लोकांना तो चौथा झाला असता. पुढच्या वार्तापत्रात दोन ओळी घालू या.

---

प्रेषक: कार्यकारिणी सदस्य

टिपण वाचलं. पण त्याच पहाटे घड्याळं एक तास मागे गेली होती ना? माझ्या मते खरं कारण तेच. ऑफिसात आमचा रात्रीचा रिपोर्ट त्या दिवशी हमखास दोनदा निघतो.

---

प्रेषक: खजिनदार

कारण काहीही असो, तिन्ही मेलमध्ये पैसे भरायची लिंक होती. चौघांनी दोनदा पैसे भरलेत. आज परत पाठवतोय. दुसऱ्यांदा भरताना ‘तुमचे पैसे आलेले आहेत’ असं साइटने सांगायला नको का?

---

प्रेषक: एक सभासद

मला तर वर्षभर प्रत्येक मेल दोनदा येतो! एकावर ह्यांचं नाव, एकावर माझं. तेही आता बंद होईल ना?

---

प्रेषक: वेबसाइट समिती

दादा, तुमच्या ऑफिसातलं कारण खरं असणार, कारण पहाटे एक ते दोनचा तास त्या दिवशी दोनदा येतो. आपला घोळ संध्याकाळी ६ चा, आणि सर्व्हर यूटीसीवर चालतो, त्याचं घड्याळ मागे-पुढे होत नाही. शिवाय तुमच्याच इनबॉक्समधल्या प्रती उघडून पाहा. त्यांच्यात बरोबर दहा मिनिटांचं अंतर आहे आणि प्रत्येकीचा `Message-ID` वेगळा आहे. वाटेत एखाद्या सर्व्हरने तोच मेल पुन्हा पोचवला असता तर आयडी एकच राहिला असता. वेगळा आहे म्हणजे मेल आपल्याच प्रोग्रामने नव्याने तयार केला.

काकू, तुमचं कारण निराळं आहे. तुमची आणि काकांची सभासद नोंद वेगळी, पण ईमेल एकच. माझा बदल सभासदानुसार अडवतो, पत्त्यानुसार नाही, त्यामुळे तुम्हाला दोन येतच राहतील. पत्त्यानुसार अडवलं तर ज्या मेलमध्ये प्रत्येकाचं वेगळं तिकीट असतं, त्यातलं एक हरवेल. कार्यकारिणीने ठरवावं.

खजिनदार, तुमचं अगदी बरोबर आहे. पैशांच्या पानाला मी अजून हात लावलेला नाही, पण ते करायलाच हवं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. नोंद झाली आणि मेल जायच्या आत प्रोग्राम बंद पडला, तर त्या सभासदाला रिमाइंडर जाणारच नाही. उलट क्रम ठेवला तर पुन्हा दुबार जाण्याची भीती. मी पहिलं पत्करलं आहे, आणि नोंद होऊन अर्धा तास झाला तरी मेल न गेलेली नावं वेगळ्या यादीत येतात.

---

प्रेषक: खजिनदार

ती यादी मला पाठवत जा. पाच-दहा नावं असतील तर मी फोन करेन. पन्नास निघाली तर काय करायचं, ते बैठकीत बोलू.