अन्वय, भावार्थ आणि ‘पसरी’चा कर्ता

निशा: अन्वय आणि भावार्थ यांत नेमका फरक काय? मुलांसाठी बालकवींच्या ‘औदुंबर’चा गद्य परिच्छेद करते आहे. शब्द कवीचेच ठेवायचे आणि चित्रंही त्याच क्रमाने यायला हवीत. पहिल्या सहा ओळी सरळ लागल्या, उदाहरणार्थ ‘ऐल तटावर, पैल तटावर हिरवाळी घेऊन निळासावळा झरा बेटाबेटांतून वाहतो.’ अडले ते शेवटी:

झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर

दत्ता: दोन्ही एकच की. मी लिहीन, ‘तळ्याकाठी उंबराचं झाड ध्यानस्थ बसलं आहे.’

सुलभा: दत्ता, ‘ध्यानस्थ’ तुमचा शब्द झाला, आणि तळं नाही, डोह आहे. हा भावार्थ. अन्वयात ‘पडे’चं ‘पडते’ करायचं, गाळलेलं ‘आहे’ भरायचं, बाकी शब्द कवीचेच.

निशा, संस्कृतात अन्वयाच्या दोन तऱ्हा आहेत. दंडान्वयात कर्ता आधी, क्रियापद शेवटी. खंडान्वयात क्रियापद धरून प्रश्न विचारत जायचं. बसला, कोण? औदुंबर. कसा? पाय टाकून. कुठे? जळात. मग पसरी, कोण? तोच. एवढं कळण्यापुरता खंडान्वय घ्या, पण परिच्छेद दंडान्वयाने लिहू नका. पायवाटेने डोहाशी आल्यावर आधी सावली दिसते, मग पाण्यातले पाय, आणि अगदी शेवटी झाड. कर्ता पुढे आणलात की ते गेलं. मी असं लिहीन: ‘जळ झाकळून, लाटांवर गोड काळिमा पसरीत, जळात पाय टाकून बसला आहे असला औदुंबर.’

राजाभाऊ: मी आईच्या जात्यावरच्या ओव्या गद्यात उतरवल्या. ‘बाई माझे’ भरतीचं समजून काढलं, तर ओवी कोणाला सांगितली तेच कळेना.

सुलभा: ते संबोधन आहे, राजाभाऊ. अन्वयात ते राहतं. परत घाला.

निशा: ‘पसरी’चा कर्ता काळिमाच धरला तर?

सुलभा: तसंही लागतं. मग ‘लाटांवर’पाशी वाक्य संपतं आणि औदुंबराचं वेगळं होतं. सावली झाडाची, हा धागा मात्र सैल पडतो. मला औदुंबर पटतो, पण दुसऱ्या वाचनाला चूक म्हणणार नाही.

दत्ता: ‘असला’ तुच्छतेचा वाटतो. ‘असा’ करा ना.

सुलभा: बोलण्यात तो रंग येतो खरा. इथे ‘अशा तऱ्हेचा’ एवढंच. शब्द कवीचे ठेवायचे ठरलंय, तर ‘असला’च राहू दे.

निशा: आणि गोड काय, जळ की काळिमा? स्वल्पविराम कुठे देऊ?

सुलभा: ओळ मोठ्याने म्हणा. ‘झांकळुनी जळ’ आठ मात्रा, ‘गोड काळिमा’ आठ. जीभ ‘जळ’पाशी टेकते. तिथेच द्या.