दोष वायफायचा की लाइनचा, हे घरातच मोजता येते

सिडकोकर (मूळ पोस्ट): प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे आणि आतल्या खोलीत स्पीड टेस्ट ३५ दाखवते. कंपनी सरळ लुबाडते आहे. नाशिककरांनी मोजमापांत वेळ न घालवता एकत्र तक्रार करावी.

गंगापूर रोड: आतल्या खोलीतल्या आकड्यात वायफाय आणि लाइन या दोन्हींचे दोष मिसळलेले असतात, त्यामुळे तो कंपनीविरुद्धचा पुरावा ठरत नाही. दोन लॅपटॉपांमधला वेग मोजणारे आयपर्फ दोन्हींवर घ्यावे. एक लॅपटॉप केबलने राउटरला जोडून त्यावर `iperf3 -s` चालू ठेवावे, आणि दुसऱ्यावर, आतल्या खोलीत वायफायवर राहून, पहिल्याचा घरातला आयपी पत्ता देऊन हे चालवावे:

```
iperf3 -c 192.168.1.10 -t 30 -R
```

`-R` नसेल तर डेटा खोलीतून राउटरकडे जातो, आणि आपली तक्रार तर डाउनलोडची असते. ही मोजणी घराबाहेर जातच नाही. माझ्या शेजाऱ्यांच्या आतल्या खोलीत आयपर्फ ३८ दाखवत होते आणि स्पीड टेस्ट ३५. केबलवर मात्र तीच टेस्ट १९० पर्यंत गेली. लॅपटॉप दोन भिंतींपलीकडे २.४ गिगाहर्ट्‌झवर अडकला होता, तेथे लाइनला दोष कसा द्यायचा?

इंदिरानगर: मी दोन्ही लॅपटॉप वायफायवर ठेवून मोजले आणि १२० आले. म्हणजे कंपनीने दिलेला राउटरच टाकाऊ आहे. तंत्रज्ञ तर तो टीव्हीच्या कपाटात कोंबून निघून गेला!

गंगापूर रोड: कपाटाबद्दलचा राग रास्त आहे, निष्कर्ष नाही. दोन्ही टोके वायफायवर असली की प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जाते आणि वेग साधारण निम्मा दिसतो. एक टोक केबलवरच हवे, हे मी वर लिहिले आहे. कृपया वाचून उत्तर द्यावे.

इंदिरानगर: प्रत्येकाच्या घरी दोन लॅपटॉप आणि लांब केबल असते, असे गृहीत धरून उपदेश करू नये.

पंचवटी: केबलवरही आंधळा विश्वास नको. माझा प्लॅन ३०० चा असताना दोन्ही टोके केबलवर ठेवूनही आयपर्फ ९४ च्या पुढे जाईना. गिगाबिट जोडणीत ९४० च्या आसपास दिसायला हवे. ९४ वर आकडा स्थिर राहिला, तर जोडणी १०० वर ठरली आहे असे समजावे. माझ्याकडे केबलमधल्या तारांची एक जोडी तुटलेली निघाली, काही राउटरांचे पोर्टच १०० चे असतात. कंपनीशी मात्र मी महिनोन्‌महिने भांडत होतो.

सिडकोकर: तुमच्या हट्टासाठी मोजले. राउटरच्याच खोलीत ५ गिगाहर्ट्‌झवर आयपर्फ ४१० दाखवते. परंतु रात्री नऊला केबलवरची स्पीड टेस्ट ६० आणि सकाळी १९०. आता घरातला कोणता दोष सांगाल?

गंगापूर रोड: रात्रीच्या ६० बद्दल तुमची तक्रार मला मान्य करावी लागते, आतल्या खोलीतल्या ३५ बद्दल नाही. तेथे आयपर्फ किती येते, हे तुम्ही अजून लिहिलेले नाही. शिवाय रात्री दोन-तीन वेगवेगळे टेस्ट सर्व्हर निवडून पाहा, कारण गर्दी कंपनीच्या लाइनवर आहे की त्या सर्व्हरवर, हे आयपर्फच्या घरातल्या आकड्यावरून कळत नाही.

सिडकोकर: सर्व्हर बदलून पाहीन, पण तक्रार आजच नोंदवणार.