नोकरीची ऑफर नाकारली, पण ओळख राहिली: तुमचे अनुभव सांगा

मागच्या आठवड्यात मी एक ऑफर नाकारायची ठरवली. मुलाखतीच्या चार फेऱ्या झाल्या होत्या आणि ज्यांच्या हाताखाली काम करायचं होतं त्यांनी शेवटच्या फेरीत दीड तास दिला होता. माणसं आवडली, पण काम जुनी यंत्रणा सांभाळण्याचं होतं आणि मला नवीन काहीतरी उभं करायचंय. मेल लिहून खोडतेय. तुम्ही कसं कळवलंत?

पाऊलवाट: मी अकरा वर्षं भरतीचं काम करते. ठरलं असेल तर आजच कळवा. दुसऱ्या पसंतीचा उमेदवार आम्ही थांबवून ठेवलेला असतो. तुम्ही आठवडाभर गप्प राहिलात की तोही दुसरीकडे जातो, मग आम्हाला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. ते मात्र लक्षात राहतं. ज्यांनी वेळ दिला त्यांना आधी फोन करा, मग त्याच दिवशी त्यांना आणि एचआरला मिळून छोटा मेल. एका उमेदवाराचा मेल मला अजून आठवतो: "खूप विचार करून ही ऑफर स्वीकारत नाहीये. मला सुरुवातीपासून उभारणीचं काम हवं आहे, या जागेत ते सध्या नाही. आराखड्याबद्दल तुम्ही जे समजावलंत ते माझ्या उपयोगी पडेल. असं काम निघालं तर जरूर कळवा." दीड वर्षानं तसं काम निघालं, तेव्हा पहिला फोन त्यालाच गेला.

सातवाफेरा: कारण अजिबात सांगू नये. मी पगार कमी आहे म्हटलं, त्यांनी वाढवून दिला, मग नाही म्हणताना फार अवघड झालं.

पाऊलवाट: पगाराबाबत तुमचं खरं आहे. पगार वाढला तर येणार असाल तरच तो विषय काढावा. पण काहीच कारण नसेल तर पुढे कुठल्या जागेसाठी तुम्हाला विचारायचं, हे आम्हाला कळत नाही.

उन्हाळी: मला तर तीन फेऱ्यांनंतर त्यांनीच नकार कळवला. तरी आभाराचा मेल पाठवू का?

सातवाफेरा: पाठवा की! धागा उलट्या बाजूचा आहे, पण मेल तोच चालेल.

एकांडा: माझी चूक मोठी होती. होकाराची सही करून बारा दिवसांनी मागे फिरलो. फोनवर माफी मागितली, सबब सांगितली नाही. मॅनेजर नीट बोलले, पण त्या कंपनीत पुन्हा दोनदा अर्ज केला, उत्तर आलं नाही. सही झाल्यावर दार उघडं राहतं का?

पाऊलवाट: काही ठिकाणी राहतं, काही ठिकाणी नाही. आमच्याकडेही यावर एकमत नाही.

धागाकर्ती: आत्ताच फोन केला. ते क्षणभर गप्प झाले, मग विचारलं, "कुठे चाललीस?" मी कंपनीचं नाव सांगितलं नाही, रुजू झाल्यावर सांगते म्हटलं. बरोबर केलं का, माहीत नाही. मेल आता पाठवतेय.