एकाच स्वराचे लांब शब्द हवेत (मदत हवी आहे)

शब्दखुळी:
आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर रविवारी शब्दांची स्पर्धा आहे. शब्दात एकच स्वर हवा, इ-ई आणि उ-ऊ एक धरायचे, अ आणि आ मात्र वेगळे, जोडाक्षर म्हणजे एक अक्षर. ज्याची अक्षरं जास्त तो जिंकला. अ साठी माझ्याकडे 'दळणवळण' आणि 'अदलबदल' आहेत, दोन्ही 6. आ साठी मी 'कारखानदार' काढला तर जाऊबाई म्हणतात, र आणि न मध्ये अ आहे, शब्द बाद! खरं का? इ आणि उ चेही सुचवा.

निवांत_दुपार:
मुलगी पहिलीत आहे का? कमळ, गवत, बदक द्या. आमच्या चिरंजिवांनी परवा 'सरबत'चं 'सारबात' केलं.

शब्दखुळी:
अहो, मुलगी नाही, मीच खेळतेय.

जुनी_पाटी:
जाऊबाई कागदावर बरोबर, तुम्ही कानाला बरोबर. आपण लिहितो कारखानदार, बोलतो कार्-खान्-दार. तो अ उच्चारातच नाही. खेळ लेखी की बोली, ते आधी ठरवून घ्या. बोली ठरला तर 'बाजारभाव', 'कामकाज' चालतील, पण 'वारसदार' नाही. वा-रस-दार म्हणून बघा, र मधला अ स्पष्ट ऐकू येतो. लेखी ठरला तर 'नाराज'सुद्धा जातो, शेवटच्या ज मुळे. मग विभक्ती लावूनच लांबी मिळेल: 'आजाराचा', 'आकाशाला'. अ च्या शब्दांना मात्र ही भानगड नाही, मुका अ मोजला काय नि सोडला काय. फक्त त्यांना विभक्ती लावू नका, 'दळणवळणाचा' झालं की आ घुसला.

टर्मिनलवाला:
एवढं डोकं कशाला? शब्दांची यादी घ्या आणि हे चालवा:

```
grep -P '^[अक-ह्]+$' shabda.txt
```

फक्त अ चे शब्द येतात. लांबीने लावल्यावर 'खळबळजनक' आणि 'समन्वयक' दोन्ही 7 निघाले. बरोबरी!

जुनी_पाटी:
गाळणी ठीक, मोजणी चुकली. यंत्र हलन्ताचं चिन्हही वेगळं मोजतं. स, म, न्व, य, क, म्हणजे पाचच अक्षरं. 'खळबळजनक' खरोखर 7. जोडाक्षरवाले शब्द यादीत असे फुकट वर चढतात.

टर्मिनलवाला:
हं. हलन्त आणि त्यापुढचं व्यंजन काढून मग मोजतो.

जुनी_पाटी:
तसं करा. इ साठी 'चिरीमिरी', दोन्ही नियमांत बसतो. बोली असेल तर 'किडकिडीत', 5. उ चं 'लुटुपुटू' लेखीलाही चालतं, 'कुजबुज' फक्त कानाला.

शब्दखुळी:
बोली ठरलं! जाऊबाई 'किडकिडीत' ऐकून तयार झाल्या, त्यांनाही तो हवा होता. आता सासरे 'मानापमान' घेऊन बसलेत. मी 'मानाप्मान' म्हणते, ते प वर ठासून अ लावतात, म्हणजे स्वतःचाच शब्द बाद करतायत. तुमच्याकडे कसं म्हणतात?

निवांत_दुपार:
आमच्याकडे प पूर्ण.

टर्मिनलवाला:
आमच्याकडे अर्धा.