तवा गरम आहे तोवर सांगायचं की थांबायचं?

राऊचा_बंटी
आमच्या नाटकाच्या ग्रुपमधली मुलगी. चार वर्षांचं प्रकरण तीन आठवड्यांपूर्वी संपलं. मी रोज सकाळी गुड मॉर्निंग आणि रात्री एखादा मीम पाठवतो. ती हार्ट टाकते, नाहीतर ‘हम्म’. मित्र म्हणतात, तवा गरम आहे तोवर पोळी टाक, नाहीतर दुसरा कोणी टाकेल. सांगून टाकू का?

सुदामानगरची
तवा, पोळी! ती मुलगी आहे की कणीक? झोपायच्या आधी हे वाचलं आणि झोप गेली, म्हणून लांबलचक लिहिते.

हार्ट म्हणजे पोच. कुरिअरवाल्याला सही देतो ना, तशी. ग्रुपात रोज तोंड पाहायचं असतं, म्हणून देते बिचारी. फोन उघड आणि ती चॅट वर सरकव. तीन आठवड्यांत तिनं स्वतःहून किती वेळा सुरुवात केली आणि तुला एक तरी प्रश्न विचारला का, ते बघ. तुझे बेचाळीस मेसेज आणि तिचा प्रश्न शून्य असेल, तर ते संभाषण नाही, दूधवाल्याचा रतीब आहे.

माझं मोडलं ते रंगपंचमीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी अख्खं इंदूर राजवाड्यावर गेरची मिरवणूक बघायला, आणि मी घरात. पहिल्या आठवड्यात पाच जणांचे मेसेज. दोघांनी ‘तो तुझ्या लायकीचाच नव्हता’ म्हणून त्याला शिव्या घातल्या. मी तेव्हा अजून त्याच्याशी बोलत होते, परत जुळलं असतं तर हेच स्क्रीनशॉट त्याला दाखवले असते. दोघांचं रोज ‘जेवलीस का?’. उत्तर द्यावंच लागतं, आणि दिलं की पुढचा प्रश्न तयार.

पाचवा तालमीतला. एरवी आमचं सगळं हिंदीत चालायचं. त्यानं चौथ्या दिवशी मराठीत लिहिलं: ‘ऐकलं. उत्तर नको देऊस. शनिवारी आली नाहीस तर तुझे संवाद मी वाचतो, सरांना सांगून ठेवलंय.’ बस. पुढचे नऊ दिवस काही नाही. त्यात प्रश्न नव्हता, सल्ला नव्हता, आणि एक काम खरंच कमी झालं होतं. दहाव्या दिवशी मीच लिहिलं.

छप्पनचा_स्पष्टवक्ता
वा! म्हणजे संत बनायचं. मी बनलो होतो, ताई. एक मुलगी रात्री एक-एक वाजता जुन्या मित्राचं रडगाणं ऐकवायची, मी ‘हो, समजतंय’ लिहायचो. आठ महिने. मग तिचं लग्न ठरलं आणि मी पंगतीत जिलबी वाढत होतो. मनात एक ठेवून मित्र म्हणून मिरवणं हा खोटेपणा नाही का? बंटी, सांगून टाक भिया. नाही म्हणाली तर रात्रीची झोप तरी मिळेल.

सुदामानगरची
जिलबीबद्दल वाईट वाटलं. आणि खोटेपणाचं बोललात ते, नाइलाजानं, मान्य. छुपा हिशेब ठेवून खांदा देणारा मलाही नको. पण आठ महिने आणि तीन आठवडे यांत फरक आहे की नाही?

पुण्याचा_पाहुणा
विषय सोडून विचारतो, रोज हिंदीत बोलणारी मराठी मुलं? आणि लिहिता ते तरी रोमनमध्येच ना?

लोखंडेपुलाखालचा
आले पुण्याहून तपासणीला. आम्ही मल्हाररावांपासून इथं आहोत, साहेब, आणि घरी मराठीच बोलतो. पण मुलीला पहिला मेसेज करायचा तर हिंदीतलं ‘आप’ कामाला येतं. मान राहतो, अंतर राहतं. मराठीत ‘तू’ म्हटलं की एकदम घरातलं, ‘तुम्ही’ म्हटलं की सासरा.

पुण्याचा_पाहुणा
मराठीतही ‘आपण’ आहे.

लोखंडेपुलाखालचा
हो, ‘आपण जेवलात का?’ असं बाविशीतल्या मुलीला विचारून बघा, ब्लॉक झालात की इथं कळवा.

पुण्याचा_पाहुणा
भाषेची लाज वाटते असं सरळ सांगा.

लोखंडेपुलाखालचा
लाज तुमच्या भोचकपणाची वाटते. गणपतीत इथं येऊन मंडळातली मराठी ऐका, मग बोला.

सुदामानगरची
दोघंही भांडा, पण यात एक कामाचं आहे. मी दिवसा हिंदीत, तुटक लिहायचे. मन मोकळं करायचं असलं की मराठीवर यायचे. त्या पाचव्याला ते कळलं होतं. हिंदीत लिहिलं तर कामापुरतं बोलायचा. एकदा रात्री दीडला मी पानभर मराठी लिहिलं, त्यानं फक्त ‘वाचलं सगळं. मी आहे’ लिहिलं, आणि सकाळी ‘आता बरं वाटतंय का?’ विचारलं नाही. रात्रीचं रात्रीच राहू दिलं. त्याच भरात त्यानं मनातलं सांगितलं असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं, आणि पंधरा दिवसांनी दोघंही पस्तावलो असतो.

रामबागचे_काका
मुलगा काय करतो ते लिहिलेलं नाही. घरचे सोयरिकीला तयार आहेत का? मी 1984 साली बडोद्याला पत्र टाकलं होतं, उत्तर सतरा दिवसांनी आलं. मधल्या काळात पोस्टमन सोडून कुणाला त्रास दिला नाही.

राऊचा_बंटी
काका, सोयरीक नाही, नुसता मेसेज. आणि एक सांगायचं राहिलं, परवापासून तिचं लास्ट सीन दिसत नाही. माझ्यामुळे का?

लोखंडेपुलाखालचा
सेटिंगमध्ये `My contacts except...` असतं, एकट्या तुझ्यापासूनही लपवता येतं. पण ब्रेकअप झालं की माणूस आधी जुन्यापासून लपवतो, आणि घाईत सरळ `Nobody` करून टाकतो. त्यावरून काही ठरवू नकोस. दुसऱ्याच्या फोनवरून बघायचं तर अजिबात नाही, ती पाळत झाली.

छप्पनचा_स्पष्टवक्ता
ताई, त्या पाचव्याचं शेवटी काय झालं? जमलं?

सुदामानगरची
नाही. साडेतीन महिन्यांनी त्यानं सांगितलं. तोवर मी जुन्याचं नाव काढणं बरंच सोडलं होतं आणि त्याच्या नोकरीचं, आईच्या गुडघ्याचं विचारायला लागले होते. त्यानं लिहिलं, ‘मला तू आवडतेस. आज उत्तर द्यायची गरज नाही, आणि नाही असलं तरी शनिवारी तालीम आहेच.’ मी दोन दिवसांनी नाही म्हटलं.

छप्पनचा_स्पष्टवक्ता
हा हा! एवढं पुराण सांगून निकाल तोच. नुसती जिलबी वाढायची राहिली.

सुदामानगरची
हसा. पण मी नाही म्हटल्यावर त्यानं उदास गाण्यांचे स्टेटस टाकले नाहीत की ग्रुप सोडला नाही. दोन महिने कामापुरतं बोलला. त्याला वाईट वाटलंच असणार, पण माझ्या अंगावर टाकलं नाही. बाकी चौघांचे नंबर आज माझ्याकडे नाहीत. हो मिळवायची युक्ती विचारत असाल, तर माझ्याकडे नाही.

छप्पनचा_स्पष्टवक्ता
ठीक. ‘आज उत्तर द्यायची गरज नाही’ हे वाक्य मी उसनं घेतो. पण साडेतीन महिने मला पटत नाहीत. तोवर दुसरा आला तर?

सुदामानगरची
तर आला. तिनं कुणाला निवडायचं हे बंटीच्या वेगावर का ठरावं? आणि साडेतीन हा आकडा माझा आहे. तिचा एक महिना असेल, वर्ष असेल.

राऊचा_बंटी
मोजले. माझे बेचाळीस नाही, सत्तावन्न. तिचा प्रश्न एकच, ‘शनिवारची तालीम किती वाजता?’. काल आणि आज काही पाठवलं नाही. आत्ता दुपारी तिचा मेसेज आला, ‘तब्येत ठीक?’ मराठीत! काय लिहू?

छप्पनचा_स्पष्टवक्ता
सांगून टाक!!

सुदामानगरची
खबरदार. ‘ठीक आहे, तुझी?’ एवढंच लिही आणि फोन उलटा ठेव.

लोखंडेपुलाखालचा
ती काळजीनं विचारतेय की रतीब चुकला म्हणून, हे आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. दोन-चार दिवस जाऊ दे.

रामबागचे_काका
मुलगा काय करतो ते अजूनही लिहिलेलं नाही.